फोटो खरा, ‘आज’ खोटा: दूधसागरच्या एका फोटोची तारीख कशी शोधली

गेल्या पावसाळ्यात एका रात्री कुडचड्याहून मावशीचा फोन आला. हुबळीहून तिचा मुलगा बायको-पोरांसह दुसऱ्या दिवशी रेल्वेने निघणार होता आणि सावर्डे स्टेशनवर उतरणार होता. ‘अगो, फोटो बघितलास? दूधसागरला गाडी दरडीखाली गेली. मी त्याला सांगितलंय, तिकीट रद्द कर म्हणून.’

फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर आला होता. डोंगराची लाल माती रुळांवर उतरलेली, मोडलेल्या फांद्या आणि त्या चिखलात एका बाजूला कललेला प्रवासी डबा. खाली ओळ होती: ‘आज सकाळी दूधसागरजवळ रेल्वे दरडीखाली. या मार्गाने कोणीही प्रवास करू नका.’ बाहेर तीन दिवस पाऊस कोसळत होता, त्यामुळे ओळ पटण्यासारखीच होती. मावशीला मी म्हटलं, ‘तिकीट अर्धा तास तसंच राहू दे, मी बघते.’ त्या अर्ध्या तासात काय केलं ते इथे क्रमाने लिहिते. पाऊस सुरू झाला की असे फोटो दरवर्षी फिरतात आणि बहुतेकांवर हीच रीत चालते.

आधी ओळ फोडायची

फोटोखालची ओळ एकच वाटते, पण तिच्यात बहुधा तीन दावे असतात: काय घडलं, कुठे घडलं आणि कधी घडलं. या ओळीत ‘प्रवासी गाडी घसरली’, ‘दूधसागरजवळ’ आणि ‘आज सकाळी’ असे तीन दावे होते. ते वेगवेगळे तपासायचे. एकदम ‘खरं की खोटं’ असं विचारलं की गोंधळ होतो, कारण जागा ओळखीची दिसली की मन बाकीचंही मान्य करून टाकतं. घाटातली लाल माती आणि दाट झाडी पाहून मलाही वाटलं, हो, हा आपलाच घाट. पण त्यावरून फार तर ‘कुठे’चा अंदाज बांधता येतो. ‘कधी’बद्दल माती काहीच सांगत नाही.

आमच्याकडे फिरणाऱ्या फोटोंत मला तरी ‘कधी’ हाच दावा सर्वांत जास्त वेळा खोटा निघालेला दिसतो. फोटो बनवावा लागत नाही. जुना फोटो घ्यायचा आणि त्याच्याखाली ‘आज’ लिहायचं, एवढंच काम. म्हणून मी सुरुवात तारखेपासूनच करते.

फोनमधल्या नावावर जाऊ नका

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो अँड्रॉइड फोनमध्ये साठतो तेव्हा त्याचं नाव असं असतं:

```
IMG-20210723-WA0012.jpg
```

मधले आठ आकडे ही तारीख असते खरी, पण फोटो तुमच्या फोनवर आला तो हा दिवस. काढला तो दिवस यात नसतो. माझ्या भाच्याने एकदा हेच नाव पुरावा म्हणून दाखवलं होतं. वीस वर्षांपूर्वीचा फोटो आज कोणी पाठवला तरी नावात आजचीच तारीख पडेल.

कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहिलेली माहिती, म्हणजे कोणत्या क्षणी आणि कोणत्या फोनने काढला वगैरे, ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवताना गळून जाते. त्यामुळे फॉरवर्ड झालेल्या फोटोत ती शोधण्यात वेळ घालवू नये. फोटो काढणाराच हाती लागला तर मात्र तिचा उपयोग होतो, त्याबद्दल पुढे लिहिते.

एक गोष्ट बघून ठेवावी: संदेशावर दुहेरी बाण आहे का. बाण असेल तर तो पुष्कळ हातांतून आला आहे आणि पाठवणाऱ्याला विचारून काही कळणार नाही. मावशीच्या फोटोवर बाण होता. तो तिला तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मिळाला होता, त्यापलीकडे माग लागत नव्हता.

आधी कुठे छापला गेला ते शोधायचं

शोध लावण्याआधी फोटो कापून घ्या. कोणी त्याच्यावर लाल पट्टी, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चिन्हं किंवा चॅनेलचा शिक्का चिकटवला असेल तर शोधयंत्र त्या सजावटीलाच भुलतं आणि तशीच पट्टी असलेले भलते फोटो आणून देतं. मी वरची पट्टी आणि खालचा मजकूर कापून टाकला, डबा आणि दरड एवढाच भाग ठेवला.

मग गूगल लेन्स. फोनवर गूगलचं ॲप उघडून कॅमेऱ्याच्या चिन्हावर बोट ठेवलं की गॅलरीतला फोटो देता येतो. निकाल आले की तिथे `Exact matches` असा भाग असतो, तो उघडा. पहिल्या पानावर दिसतात ते फक्त सारखे दिसणारे फोटो. दूधसागर म्हटलं की तिथे धबधबा आणि त्यासमोरून जाणारी गाडी यांचे शेकडो फोटो येतात आणि नजर भरकटते.

लेन्सने दाखवलेला फोटो तोच आहे की त्याच्यासारखा, हे डोळ्यांनीच ठरवावं लागतं. मी तीन बारीक गोष्टी निवडते, मुद्दाम हलणाऱ्या किंवा बदलणाऱ्या. या फोटोत एक फांदी डब्याच्या खिडकीवर आडवी पडली होती, कडेला उभ्या माणसाने एक हात वर केला होता आणि डब्याच्या पायरीशी मातीचा एक मोठा ढेकूळ अडकला होता. सापडलेल्या फोटोत या तिन्ही गोष्टी अगदी तशाच दिसल्या तर फोटो तोच. डबा, डोंगर, झाडं जुळून उपयोग नाही, ती दुसऱ्या दिवशी काढलेल्या फोटोतही जुळतील.

लेन्सनंतर मी `tineye.com` वर तोच फोटो देते. तिथे निकाल कमी येतात, पण ते तारखेनुसार लावता येतात. यादीतून `Oldest` निवडलं की सर्वांत जुना सापडलेला फोटो वर येतो. काहीच मिळालं नाही तर `yandex.com/images` वर. तिथे चेहरे आणि इमारती चांगल्या ओळखल्या जातात. फोटो आरशातल्यासारखा उलटवलेला असेल, तर तो सुलटा करून पुन्हा एकदा द्यावा. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर ते लगेच कळतं.

याच्या जोडीला शब्दांनी शोध. गूगलमध्ये तारखेची अट घालता येते आणि फार कमी लोक ती वापरतात:

```
दूधसागर रेल्वे दरड before:2022-01-01
```

याचा अर्थ, १ जानेवारी २०२२च्या आधीची पानं दाखव. हाच शोध मी इंग्रजी शब्दांत `Dudhsagar train landslide` असाही केला, कारण रेल्वेच्या बातम्या इंग्रजीत आधी येतात. त्या रात्री उत्तर इथेच मिळालं: जुलै २०२१मधल्या बातम्यांची रांग आणि त्यांतल्या एका पानावर हाच फोटो. फांदी, हात, ढेकूळ, तिन्ही जुळले.

सापडलेली तारीख वाचायची कशी

इथे घाई केली की चूक होते, म्हणून या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. पानावर जुनी तारीख दिसली म्हणजे फोटो तेव्हाचा, असं लगेच धरू नका.

पहिला सापळा कडेच्या पट्टीचा. बातमीच्या पानाच्या उजवीकडे किंवा तळाला ‘ताज्या बातम्या’ म्हणून छोटे फोटो असतात आणि ते रोज बदलतात. समजा, २०१६ची एक जुनी बातमी आहे. आज तिच्या कडेला नवा फोटो लागला आणि शोधयंत्राने ते पान आज वाचलं, तर निकालात दिसेल की हा फोटो २०१६च्या पानावर आहे! फोटो खरोखर नवा असूनही असा ‘जुना’ ठरतो. म्हणून पान उघडायचं आणि फोटो बातमीच्या मजकुरात आहे की कडेला, ते पाहायचं. मजकुरातही तो त्या बातमीचाच आहे का, हे खालची ओळ वाचून ठरवायचं.

दुसरा सापळा याच्या उलटा. काही संकेतस्थळं बातमी नव्याने जतन केली की वरची तारीख बदलतात. तिथे `Updated` आणि `Published` अशा दोन तारखा असतील तर दुसरी धरा. शंका आली तर फोटोवर बोट दाबून तो नव्या टॅबमध्ये उघडा आणि त्याचा पत्ता वाचा. पुष्कळ संकेतस्थळांवर फोटो चढवला त्या वर्षाचा आणि महिन्याचा मागमूस पत्त्यातच राहतो:

```
/wp-content/uploads/2021/07/
```

बातमीचा मथळा आणि तारीख बदलली तरी हा पत्ता सहसा तसाच राहतो. मला हा पुरावा फार आवडतो, कारण तो फसवण्यासाठी वा पटवण्यासाठी कोणी लिहिलेला नसतो.

तिसरं, टिनआयने दिलेली तारीख. ती त्या यंत्राला फोटो पहिल्यांदा दिसला ती तारीख असते. छापला गेला तो दिवस तिच्या आधीचा असू शकतो, कधी कधी बराच आधीचा. म्हणून तिला ‘निदान इतका जुना’ असंच वाचायचं.

एवढं करूनही खात्री होत नसेल तर `web.archive.org` वर त्या पानाचा पत्ता टाकून पाहा. पान त्या काळात जतन झालं असेल तर ते जसं होतं तसं दिसतं आणि पत्त्यात चौदा आकड्यांचा शिक्का असतो: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ही वेळ ग्रिनिचची, आपल्याकडची साडेपाच तास पुढे. ‘काल की आज’ असा वाद असेल तेव्हा हा फरक विसरू नका.

तारखेच्या दोन भिंती

आता हाती आलेल्या तारखेने काय सिद्ध होतं? फोटो २३ जुलै २०२१च्या बातमीत छापलेला सापडला. म्हणजे तो त्या दिवसानंतर काढलेला असूच शकत नाही. एवढ्याने ‘आज सकाळी’ हा दावा संपला. दहा संकेतस्थळांवर शोधायची गरज नाही, एक पक्का जुना फोटो पुरतो.

पण तो काढला कधी, हे अजून कळलेलं नाही. २०२१च्या बातमीतही कोणी २०१५चा फोटो वापरला असेल. सापडलेली सर्वांत जुनी तारीख ही एका बाजूची भिंत झाली: फोटो हिच्या पुढचा नाही. दुसरी भिंत, म्हणजे फोटो कशाच्या आधीचा नाही, ही फोटोतल्या आणि घटनेतल्या तपशिलांवरून उभी करावी लागते.

इथे बातमीनेच मदत केली. २३ जुलै २०२१च्या सकाळी दूधसागर आणि सोनावळी या स्थानकांच्या मध्ये दरड कोसळून मंगळूरहून मुंबईला जाणारी गाडी घसरली होती. प्रवासी सुखरूप होते. मंगळूर-मुंबई गाडी दूधसागरच्या घाटात कशी, असा प्रश्न मला लगेच पडला, कारण ती एरवी कोकण रेल्वेने मडगावहून सरळ वर जाते. उत्तर आदल्या दिवशीच्या बातम्यांत होतं. २२ जुलैला चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला आणि कोकण रेल्वे अडली, म्हणून गाडी मडगावहून लोंढा-मिरजमार्गे वळवली होती. गाडीचा क्रमांकही ०११३४ असा शून्याने सुरू होणारा होता, करोनाच्या काळात विशेष गाड्या म्हणून धावत तेव्हाचा. गाडी, वळवलेला मार्ग, कारण आणि दिवस असे सगळे दुवे एकमेकांत बसले आणि दुसऱ्या वृत्तसंस्थांनी त्याच दिवशी वेगळ्या कोनांतून काढलेले फोटोही तोच डबा, तीच दरड दाखवत होते. दोन्ही भिंती २३ जुलै २०२१लाच येऊन टेकल्या.

शोधात एक आडवाटही आली. ऑगस्ट २०२४मध्ये याच पट्ट्यात मालगाडी घसरली होती, त्याचे फोटो आणि बातम्या मध्येमध्ये डोकावत होत्या. घाट तोच, पाऊस तोच. घाईत असते तर मी ‘हा २०२४चा’ असं लिहून मोकळी झाले असते. पण त्या बातम्या मालगाडीच्या वाघिणींच्या आहेत आणि आपल्या फोटोत खिडक्या असलेला प्रवासी डबा आहे. ओळ तीन दाव्यांत फोडलेली असते तेव्हा असा फरक पटकन नजरेत भरतो.

काहीच सापडलं नाही तर

आधीचा फोटो न मिळणं हा फोटो नवा असल्याचा पुरावा नाही. व्हॉट्सॲपचे ग्रुप शोधयंत्राला दिसत नाहीत, फेसबुक-इन्स्टाग्रामवरचंही बरंच दिसत नाही. कोणाच्या फोनमध्ये चार वर्षं पडून असलेला फोटो काल पहिल्यांदा बाहेर आला तर तो कुठेच सापडणार नाही. अशा वेळी निकाल ‘ठरवता आलं नाही’ एवढाच आणि तो तसाच सांगायचा.

तरीही फोटोतून काही मिळतं का ते पाहावं. पणजीत पाणी भरल्याचा फोटो असेल आणि मागे मांडवी दिसत असेल तर पूल पाहा. जुन्या दोन पुलांच्या मध्ये उंच खांबांना केबलनी तोललेला अटल सेतू २७ जानेवारी २०१९ला खुला झाला. फोटोत खांब उभे आहेत पण रस्ता पुरा जोडलेला नाही, असं दिसलं तर फोटो त्याच्या आधीचा, मग ओळ काहीही म्हणो. जुवारीवरही तसंच, तिथल्या नव्या पुलाचा पहिला भाग डिसेंबर २०२२ अखेरीस खुला झाला. गाडीच्या पाटीवर `BH` मालिका दिसली तर फोटो २०२१च्या आधीचा नाही. असे खुणेचे दगड आपल्या आपल्या गावाचे प्रत्येकाला ठाऊक असतात: कुठलं दुकान कधी बंद झालं, कुठलं झाड कुठल्या वादळात पडलं. परगावच्या माणसापेक्षा इथे आपलं पारडं जड असतं.

आणि फोटो काढणारा माणूस सापडलाच, तर त्याला सांगा, फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. तसा पाठवला की आतली माहिती टिकते. मग संगणकावर `exiftool` असेल तर:

```
exiftool -DateTimeOriginal -Model photo.jpg
```

पहिल्या ओळीत काढल्याची वेळ येते, दुसरीत फोन किंवा कॅमेरा. `FileModifyDate` नावाची तारीख दिसली तर ती सोडून द्या, ती फाइल तुमच्याकडे उतरली तेव्हाची असते. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असू शकतं, माहिती बदलताही येते. तेव्हा ही तारीख आधार म्हणून घ्यायची, एकटीवर निर्णय टेकवायचा नाही.

तारीख बरोबर, जागा चुकीची

वर सगळा भर ‘कधी’वर दिला, पण उलटही होतं. ऑक्टोबर २०२४मध्ये माणसांनी गच्च भरलेली बोट एका कुशीवर कलंडत बुडते, असा व्हिडिओ आणि त्यातली चित्रं ‘गोव्यातली बोट दुर्घटना’ म्हणून देशभर फिरली. मडगावातल्या माझ्या मैत्रिणीला पुण्याहून काळजीचे फोन आले. तिथे तारखेचा शोध लावला तर चित्रं खरोखर ताजी होती, चारदोन दिवसांपूर्वीची. ती होती काँगोमधली. ३ ऑक्टोबर २०२४ला किवू सरोवरात, गोमा शहराजवळ ती बोट बुडाली. शेवटी गोवा पोलिसांनाच जाहीर करावं लागलं की ही घटना गोव्यातली नाही, आफ्रिकेतल्या गोमाची आहे.

व्हिडिओच्या बाबतीत वेगवेगळ्या क्षणांची तीन-चार चित्रं थांबवून घ्यावीत आणि प्रत्येक वेगळं शोधावं. नुसत्या पाण्याचं चित्र काहीच देत नाही, काठ, माणसं आणि बोटीचा आकार दिसणारं चित्र द्यावं. इथे लेन्सवरून फ्रेंच पानं समोर आली की थबकायला हवं: गोव्यातल्या अपघाताची पहिली बातमी फ्रेंचमध्ये कशी? त्यातला `naufrage` म्हणजे जहाज बुडणं, हा शब्द घेऊन `naufrage Goma` असं शोधलं की बातमी हाती लागते.

ग्रुपवर काय लिहायचं

मावशीला परत फोन केला तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे गाडी चालू आहे ना?’ हा प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याचं उत्तर माझ्या शोधात नव्हतं. फोटो २०२१चा ठरला, म्हणून आज घाटात दरड पडलेलीच नाही असं होत नाही. त्या पावसात ती खरीच पडलेली असू शकली असती. त्यासाठी रेल्वेच्या १३९ क्रमांकावर गाडीची चौकशी केली. गाडी वेळेवर होती, मार्गही बदललेला नव्हता.

मग ग्रुपवर लिहिलं, जितकं कळलं तितकंच:

‘वरचा फोटो आजचा नाही. २३ जुलै २०२१ला दूधसागर आणि सोनावळीच्या मध्ये मंगळूर-मुंबई गाडी दरडीमुळे घसरली होती, तेव्हाचा आहे. त्या दिवशीच्या बातमीचा दुवा खाली देते. आजच्या गाड्यांसाठी १३९ला विचारा, आता विचारलं तेव्हा मार्ग चालू होता. रात्री ९.४०.’

वेळ मुद्दाम घातली. हाही संदेश पुढे जाणार आणि पुढच्या आठवड्यात कोणी वाचला तर ‘मार्ग चालू होता’ कधीचं, ते त्यातच कळायला हवं. मावशीने तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि मग मुलाला फोन लावला, तिकीट राहू दे म्हणून.